उघडलेली बाटली, उरलेले पाणी आणि प्लास्टिकचा धाक

एसटीच्या प्रवासात घेतलेली लिटरभर पाण्याची बाटली निम्मी उरते, घरी येते आणि दोन-तीन दिवस तशीच पडून राहते. ते पाणी प्यावे की कुंडीत ओतावे, यावर एकाच घरात दोन मते असतात. एकाचे म्हणणे, प्लास्टिक पाण्यात उतरलेले असणार, टाकून द्या. दुसऱ्याचे म्हणणे, पाणी काय दूध आहे नासायला? पुढे तीच बाटली महिनाभर पुन्हा पुन्हा भरली जाते, तेव्हा पहिल्या मताचा धाक वाढतो आणि दुसऱ्याची बेफिकिरीही. या वादात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळलेले आहेत. पाण्यात जंतू किती वाढतात हा एक प्रश्न आणि बाटलीतून पाण्यात काय उतरते हा दुसरा. दोन्हींवर बरेच संशोधन झालेले आहे. ते एकत्र ठेवून पाहिले तर माझ्या मते असे दिसते, की पाणी किती दिवसांचे आहे याला लोक देतात तेवढे महत्त्व नाही. बाटलीला तोंड किंवा हात लागला का, आत पाण्याखेरीज काही गेले का आणि बाटली किती तापली, यावर सगळे ठरते. पुन्हा वापरलेल्या साध्या बाटलीचा खरा दोषही तिच्या रसायनात कमी आहे आणि ती नीट धुता येत नाही यात जास्त आहे.

आधी जंतूंचे पाहू. सीलबंद बाटलीतले पाणी निर्जंतुक असते, ही समजूत मुळात चुकीची आहे. ते पिण्यालायक असते, म्हणजे त्यात रोग पसरवणारे जंतू नसावेत अशी अट असते. निरुपद्रवी जीवाणू थोडे असतातच. युरोपीय महासंघाच्या नियमानुसार नैसर्गिक मिनरल वॉटरमध्ये बाटली भरल्यापासून बारा तासांच्या आत, २० ते २२ अंशांवर वाढवून पाहिले असता मिलिलिटरमागे १००पर्यंत जीवाणू चालतात. मौज अशी, की झाकण न उघडताही ही संख्या पुढच्या आठवडाभरात किंवा थोड्या जास्त काळात दहा हजारांच्या घरात आणि त्याच्याही वर जाऊ शकते. पाण्यात मुळातच असलेले हे जीवाणू अत्यल्प सेंद्रिय अंशावर जगतात, तो संपला की थांबतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली या विषयावरचा तज्ज्ञांचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. पाण्यात मलमूत्राचा शिरकाव झालेला नसेल, तर अशा सामान्य जीवाणूंची संख्या वाढली एवढ्यावरून पाणी आरोग्याला घातक ठरत नाही, असा त्याचा आशय होता. म्हणजे ‘तीन दिवसांत जंतू शंभरपट झाले’ हे वाक्य खरे असू शकते आणि तरीही त्यातून पोट बिघडेलच असे निघत नाही. कोणते जंतू, हा प्रश्न किती जंतू यापेक्षा मोठा आहे.

झाकण उघडून बाटली तोंडाला लावली की चित्र बदलते. लाळेच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण दहा कोटी जीवाणू असतात. घोट घेताना थोडे पाणी तोंडातून परत बाटलीत जाते. त्यासोबत लाळेचा फक्त एक दशांश मिलिलिटर, म्हणजे दोन थेंब, आत गेला असे धरले तरी एक कोटी जीवाणू गेले. अर्धा लिटर पाण्यात ते पसरले तर मिलिलिटरमागे वीस हजार होतात, आणि अजून एकही दिवस उलटलेला नाही. शिवाय लाळेसोबत प्रथिने आणि अन्नाचे कण जातात, म्हणजे जीवाणूंना खाद्यही मिळते. आपल्याकडे बाटली ओठांना न लावता वरून धार धरून पिण्याची पद्धत आहे आणि तोंड लावलेली बाटली उष्टी मानली जाते. या एका बाबतीत जुनी शिस्त सूक्ष्मजीवशास्त्राच्या हिशोबाशी चांगलीच जुळते. तरी इथेही घाबरण्याचे प्रमाण ठरवायला हवे. हे वीस हजार जीवाणू पिणाऱ्याच्याच तोंडातले आहेत. निरोगी माणसाने स्वतःची उष्टी बाटली त्याच दिवशी संपवली तर त्याच्या शरीरात नवे काहीच जात नाही. दुसऱ्याने ती तोंडाला लावली, किंवा बाटली उबेत दोन-तीन दिवस राहिली, तर हा दिलासा उरत नाही.

हातांचे काम तोंडापेक्षा जास्त धोक्याचे आहे, कारण पोटाचे विकार पसरवणारे जंतू बहुधा हातावरून येतात. कॅनडातील कॅल्गरी शहरात एका प्राथमिक शाळेतील मुलांच्या पाण्याच्या बाटल्यांतून ७६ नमुने घेऊन तपासले गेले आणि त्याचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. जवळपास दोन तृतीयांश नमुन्यांत सामान्य जीवाणूंची संख्या तिथल्या पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेबाहेर होती, सुमारे १३ टक्क्यांत कोलिफॉर्म जीवाणू मर्यादेबाहेर होते आणि सुमारे ९ टक्क्यांत विष्ठेतून येणारे कोलिफॉर्म. या तीन आकड्यांपैकी काळजी करण्यासारखा आहे तो शेवटचा आणि सर्वांत लहान. तो प्लास्टिकमुळे आलेला नाही आणि पाणी शिळे झाल्यामुळेही नाही. न धुतलेले हात आणि न धुतलेल्या बाटल्या हेच त्याचे संभाव्य कारण. घरी साठवलेल्या पाण्यावरचे जगभरातले अभ्यास एकत्र करून २००४ साली एक आढावा घेतला गेला. त्यातील जवळपास निम्म्या अभ्यासांत, स्रोतापाशी पाणी जेवढे स्वच्छ होते त्यापेक्षा घरात प्यायच्या वेळी ते स्पष्टपणे जास्त दूषित झालेले आढळले. पाणी बिघडते ते भरताना, उपसताना आणि हाताळताना. अरुंद तोंडाच्या बाटलीत हात किंवा पेला बुडवता येत नाही, हा तिचा मोठा गुण आहे. माठात ओगराळ्याऐवजी पेला बुडवणाऱ्या घरापेक्षा बाटलीतून ओतून पिणारे घर या बाबतीत सुरक्षित असते.

बाटलीत पुन्हा कोणते पाणी भरले, याचाही परिणाम होतो, आणि तो बऱ्याच जणांच्या अपेक्षेच्या उलट असतो. नळाच्या पाण्यात नगरपालिकेने घातलेल्या क्लोरीनचा थोडा अंश उरलेला असतो; भारतीय मानकानुसार तो लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असावा. बाटलीत चुकून शिरलेल्या जंतूंना हा अंश काही काळ आवर घालतो आणि मग हळूहळू संपतो. पाणी उकळले की क्लोरीन उडून जातो, आरओ यंत्रातल्या कार्बनच्या गाळणीत तो अडकतो, आणि पॅकबंद पाण्याच्या कारखान्यात वापरला जाणारा ओझोन थोड्या वेळातच विरून जातो. म्हणजे घरोघरी सर्वांत शुद्ध समजले जाणारे पाणी भरताना शुद्ध असते, पण भरल्यानंतर त्याला राखणदार नसतो. उकळलेले पाणी न धुतलेल्या बाटलीत भरले तर उकळण्याची बरीच मेहनत वाया जाते. याहून वाईट म्हणजे साखर. सरबत किंवा शीतपेय संपल्यावर नुसती विसळून त्याच बाटलीत पाणी भरले, तर बूच आणि मानेच्या आट्यांत राहिलेला गोडवा जीवाणूंना पुरतो. जुलाबात देतात ते ओआरएसचे द्रावण चोवीस तासांनंतर टाकून द्यायला सांगतात ते याच कारणाने. त्यात पाण्याबरोबर साखर आणि क्षार असतात आणि घेणारा माणूस आधीच आजारी असतो.

आता प्लास्टिकचा प्रश्न. एकदा वापरून टाकायच्या पाण्याच्या बाटल्या पॉलिइथिलीन टेरेफ्थॅलेटच्या, म्हणजे पेटच्या असतात. तळाशी त्रिकोणात १ हा आकडा असतो. नावातल्या ‘थॅलेट’मुळे यात प्लास्टिक मऊ करणारी थॅलेट रसायने मिसळतात असा गैरसमज पसरलेला आहे, पण पेटच्या बाटलीला त्यांची गरज नसते, आणि बिस्फेनॉल-ए हे रसायनही पेट बनवताना लागत नाही. पेटमधून पाण्यात खरोखर उतरते आणि मोजता येते ते अँटिमनी, कारण पेट तयार करताना बहुधा अँटिमनीचे संयुग उत्प्रेरक म्हणून वापरतात आणि त्याचा अंश प्लास्टिकमध्ये राहतो. अमेरिकेतील ॲरिझोना या उष्ण राज्यात शास्त्रज्ञांनी हे नेमके मोजले आणि २००८ साली प्रसिद्ध केले. अमेरिकेची मर्यादा लिटरमागे ६ मायक्रोग्रॅम आहे. बाटली सतत ६० अंशांवर ठेवली तर ती मर्यादा ओलांडायला १७६ दिवस लागतील, ८० अंशांवर मात्र फक्त २.३ दिवस, असा त्यांचा हिशोब निघाला. तापमान वीस अंशांनी वाढले आणि काळ पाऊणशे पटींनी घटला. म्हणून प्लास्टिकच्या बाबतीत दिवस मोजण्याआधी अंश मोजायला हवेत.

हे आकडे एका बाटलीला लावून पाहू. मे महिना, अकोला, बाहेर ४४ अंश. उन्हात उभ्या बंद गाडीत अर्धी उरलेली बाटली चार दिवस पडून आहे आणि गाडीतले तापमान दुपारी पाच तास ६० अंश राहते असे धरू. १७६ दिवसांचे तास होतात ४,२२४. रोज पाच तासांप्रमाणे ते भरायला ८४५ दिवस लागतील, म्हणजे दोन वर्षांहून जास्त काळ रोज असाच मे महिना हवा. बाटली अर्धी असल्याने तेवढ्याच प्लास्टिकला पाणी कमी आहे, म्हणून हा काळ निम्मा धरला तरी वर्षाच्या वर जातो. चार दिवसांत अँटिमनीची भीती बाळगण्याचे कारण नाही. पण त्याच बाटलीला प्रवासात दोन जणांनी तोंड लावले असेल, तर दुपारी पाणी तापते आणि बाकीचे एकोणीस तास ते कोमट किंवा उबदार राहते, तेव्हा लाळेतून आलेल्या जीवाणूंना हवी तशी ऊब मिळते. हे पाणी दुसऱ्या दिवशी टाकणे योग्य, आणि टाकण्याचे कारण प्लास्टिक नव्हे. हीच बाटली न उष्टावता, ओतून वापरली असती आणि घरात सावलीत ठेवली असती, तर दोन-तीन दिवसांनी पाण्याची चव उतरली असती. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून आणि पाणी कोमट होऊन ते मचूळ लागले असते. मचूळ लागणे म्हणजे दूषित होणे नव्हे.

पुन्हा भरण्याने प्लास्टिक जास्त उतरते का, या प्रश्नाचे पेटपुरते उत्तर साध्या विचारानेही मिळते. पाण्यात काही उतरायला वेळ लागतो. रोज रिकामी करून भरलेल्या बाटलीतल्या पाण्याचा प्लास्टिकशी संबंध एकाच दिवसाचा असतो, तर दुकानातल्या सीलबंद पाण्याचा महिनोन्महिन्यांचा, त्यातही काही काळ तापलेल्या गोदामातला. त्यामुळे उतरलेल्या रसायनाच्या हिशोबात नवी सीलबंद बाटली पुन्हा भरलेल्या बाटलीपेक्षा शुद्धच असेल असे नाही. यावर आक्षेप येतो, की वापरून आणि उन्हाने प्लास्टिक जुने होते, मग ते जास्त सोडत नसेल का? याची कसोटी स्वित्झर्लंडमध्ये झाली. गरीब देशांत पेटच्या बाटलीत पाणी भरून सहा तास उन्हात ठेवून ते निर्जंतुक करण्याची पद्धत आहे. तिचा प्रसार करणाऱ्या संस्थांना हाच प्रश्न सतावत होता. होंडुरास, नेपाळ आणि स्वित्झर्लंडमधल्या बाटल्यांतील पाणी ६० अंशांपर्यंतच्या तापमानात सतरा तास ठेवून तपासले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात प्लास्टिक मऊ करणाऱ्या रसायनांचे प्रमाण अगदी कमी, बाजारातल्या बाटलीबंद पाण्याइतकेच निघाले. बाटल्या जाणूनबुजून उन्हात ठेवून पुन्हा पुन्हा वापरणाऱ्या लोकांसाठी हे तपासले गेले, म्हणून हा पुरावा मला वजनदार वाटतो.

पण पेटचे उत्तर सगळ्या प्लास्टिकला लावता येणार नाही, आणि इथे पुरावा एका बाजूचा नाही. कार्यालयांत येणारे वीस लिटरचे कडक, पारदर्शक जार बऱ्याचदा पॉलिकार्बोनेटचे असतात, तळाशी ७ आकडा असतो, आणि त्यातून बिस्फेनॉल-ए उतरते. सिनसिनाटी विद्यापीठात २००८ साली नव्या आणि कित्येक वर्षे वापरलेल्या पॉलिकार्बोनेट बाटल्यांची तुलना केली, तेव्हा साध्या तापमानाला दोन्हींतून सारखेच उतरले. उकळते पाणी घातल्यावर मात्र उतरण्याचा वेग १५ ते ५५ पट झाला. याउलट नॉर्वेत २००३ साली बाळांच्या बाटल्या वारंवार डिशवॉशरमध्ये धुऊन, उकळून, घासून तपासल्या तेव्हा तापवलेल्या पाण्यात जुन्या बाटल्यांनी नव्यांच्या कितीतरी पट जास्त बिस्फेनॉल-ए सोडले. दोन निष्कर्षांचा मेळ बसतो तो असा: नुसते जुने होणे निर्णायक नाही, पण पुन्हा पुन्हा तापवणे, तीव्र साबण आणि घासणे यांनी पॉलिकार्बोनेटचा पृष्ठभाग झिजतो आणि त्यावर पुन्हा गरम पाणी पडले की तो जास्त सोडतो. भारतात बाळांच्या दुधाच्या बाटल्यांत या रसायनाला मनाई आहे आणि युरोपीय महासंघाने २०२४ साली अन्नाला लागणाऱ्या बहुतेक वस्तूंत त्यावर बंदी ठरवली. जारमध्ये गार पाणी ठेवणे हा वेगळा प्रकार आहे, पण त्यात कोमटाहून गरम पाणी कधीच भरू नये, आणि ओरखडे पडलेला, पांढुरका झालेला जार परत करावा.

अलीकडे सूक्ष्म प्लास्टिकच्या कणांचा आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. इटलीतल्या एका गटाने २०१९ साली पेटच्या बाटल्यांची झाकणे एकदा, दहादा आणि शंभरदा उघडून-लावून पाहिली. बुचाच्या आतल्या भागावर आणि बाटलीच्या मानेवर कणांची संख्या स्पष्ट वाढली. बाटली दाबल्याने पाण्यातल्या कणांत मात्र लक्षात येण्याजोगी वाढ आढळली नाही. म्हणजे तेच तेच झाकण महिनोन्महिने फिरवत राहणे हा कणांचा एक स्रोत आहे, हे मान्य करावे लागते. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यातील अशा कणांचा आढावा घेऊन, हाती असलेल्या पुराव्यावरून आरोग्याला मोठा धोका दिसत नाही पण माहिती अपुरी आहे, असे म्हटले. अपुऱ्या माहितीचा अर्थ कोणी सावधपणा लावला तर तो चूक नाही. पण हा आक्षेप बाटलीबंद पाण्याच्या नव्या बाटलीलाही तितकाच लागू आहे, म्हणून ‘जुनी टाका, नवी विकत घ्या’ हा त्यातून निघणारा निष्कर्ष नाही. निघालाच तर स्टीलची बाटली हा निघतो.

उरतो नेहमीचा प्रश्न: मग बाटलीवर ‘वापरानंतर चुरगळून टाका’ असे का छापलेले असते? यामागचे एक मोठे कारण असे, की टाकलेल्या अखंड बाटल्या गोळा करून त्यांत कसलेही पाणी भरायचे, बूच बसवायचे आणि नवी म्हणून विकायची, हा धंदा आपल्याकडे चालतो. दुसरे कारण या लेखाच्या मुद्द्याचेच आहे. अशी बाटली पुन्हा पुन्हा धुण्यासाठी घडवलेली नसते. तिची मान अंगठ्याएवढी, आत ब्रश धड जात नाही, तळाला खोलगट पाकळ्या असतात, मानेवर आटे असतात, आणि पेट साधारण ७० अंशांपुढे मऊ पडत असल्याने उकळते पाणी ओतले तर बाटली आक्रसते. जीवाणू भिंतीला चिकटून जो बुळबुळीत थर करतात, तो नुसत्या विसळण्याने जात नाही. तो ओळखता येतो. मानेच्या आतून स्वच्छ बोट फिरवल्यावर निसरडे लागले, बूच उघडताच कुबट वास आला, किंवा तळाला हिरवट झाक दिसली तर बाटली संपली असे समजावे. बोअरच्या पाण्याचा पांढरा खडबडीत डाग मात्र क्षारांचा असतो, तो लिंबाने किंवा व्हिनेगरने निघतो आणि त्याचा जंतूंशी संबंध नसतो. या सगळ्या खुणांची मर्यादाही ध्यानात ठेवायला हवी: विष्ठेतून आलेल्या जंतूंनी दूषित पाणी बहुधा दिसायला नितळ आणि वासाला स्वच्छच असते. म्हणून खूण दिसली तर टाकावे. दिसली नाही म्हणून निर्धास्त होऊ नये.

‘वर्षानुवर्षे अशाच बाटल्या वापरतो, कधी काही झाले नाही’ या बोलण्यातही तथ्य आहे, कारण निरोगी प्रौढाच्या बाबतीत बहुतेक वेळा खरोखरच काही होत नाही. पण तान्ही मुले, केमोथेरपी घेणारे रुग्ण, अवयवरोपण झालेले आणि खूप वृद्ध माणसे यांच्या बाबतीत हा दाखला चालत नाही. इतरांना निरुपद्रवी असलेले पाण्यातले काही जीवाणू त्यांना आजारी पाडू शकतात. त्यांच्यासाठी रोज धुतलेले भांडे आणि रोजचे ताजे पाणी हाच नियम असावा. बाकीच्यांसाठी माझा निवाडा असा: तोंड लावलेली बाटली त्याच दिवशी संपवावी आणि दुसऱ्याला देऊ नये. ओतून वापरलेले, झाकण लावलेले, सावलीतले पाणी दोन-तीन दिवस आणि फ्रिजमधले त्याहून थोडे जास्त दिवस प्यायला हरकत नाही. पेटची बाटली काही वेळा भरायला हरकत नाही, पण दर वेळी साबणाच्या कोमट पाण्याने खळखळून, बूच वेगळे घासून, उपडी ठेवून पूर्ण वाळवून; आणि तिच्यात सरबत, दूध किंवा गरम काही जाता कामा नये. रोजच्या वापरासाठी रुंद तोंडाची, हात आणि ब्रश आत जाईल अशी स्टीलची बाटली घ्यावी. ती घेण्याचे पहिले कारण पेटमध्ये विष आहे हे नसून ती घासता येते हे आहे; आणि घासली नाही, तर स्टीलची बाटलीही पेटपेक्षा चांगली ठरत नाही.